लाल सोफा हिरवा करायचाय, पण चकाकी आणि वळ्या मरतात. काय चुकतंय?

रंगारी_नवा

नमस्कार मंडळी. एका सोफ्याचा फोटो आहे. लाल लेदर, डावीकडून खिडकीचा उजेड, हातावर आणि बैठकीच्या कडेला मस्त चकाकी, मधल्या उशीवर बसून बसून पडलेल्या वळ्या. क्लायंटला हाच सोफा बाटलीहिरव्या आणि क्रीम रंगात दाखवायचाय. फोटो एकच काढलेला आहे, बाकीचे दोन सोफे अजून बनलेलेच नाहीत.

फोटोशॉपमध्ये Hue/Saturation घेऊन Hue ची पट्टी सरकवली तर सोफा खेळण्यातल्या प्लॅस्टिकसारखा भडक हिरवा होतो. Saturation कमी केलं की धुरकट. आणि क्रीम तर त्या पट्टीवर कुठेच सापडत नाही. मास्क नीट आहे, पेन टूलने काढलाय, कडा एक पिक्सेल मऊ केल्यात. गडबड मास्कमध्ये नाही, रंगातच आहे.

झटपट

दोन मिनिटांचं काम आहे राव. वर Solid Color चा लेयर टाका, हवा तो हिरवा भरा, मोड Color करा, मास्क लावा. खालचा उजेड-सावली जसाच्या तसा राहतो, फक्त रंग बदलतो. मी शेकडो वेळा केलंय.

उगाच

शेकडो वेळा म्हणजे दोनशे मिनिटं. हिशोब चुकत नाही आपला.

रंगारी_नवा

@झटपट, केलं. हिरवा Hue पेक्षा बराच बरा आला, आभार. पण दोन तक्रारी आहेत. एक, हातावरची चकाकी पुदिन्याच्या चटणीसारखी झालीय. दोन, क्रीम भरलं तर सोफा चॉकलेटी दिसतो! मी रंग तर २३५, २२०, १९० दिलाय. तिथे मोजलं तर ९२, ७७, ४७ येतंय.

मावशी_ऑनलाइन

आमच्याही लेदरच्या सोफ्याला असंच झालं होतं हो, रंगवून घेतला तर चकाकी गेली आणि वळ्यांत रंग फुटला. रंगवण्याआधी जुनं पॉलिश पूर्ण काढलं होतं का? ते राहिलं की नवा रंग धरत नाही.

उगाच

मावशी, सोफा फोटोत आहे. पॉलिश काढायला गेलो तर मॉनिटर खराब होईल.

मावशी_ऑनलाइन

अगं बाई. चष्मा लावते आणि पुन्हा वाचते.

कुंचल्याचा_दांडा

मावशी, तुम्ही चुकून बरोबर बोलून गेलात. पॉलिश वेगळं आणि रंग वेगळा, सगळं त्यातच आहे.

आधी क्रीम चॉकलेटी का झालं ते बघू. Color मोड खालच्या पिक्सेलची उजळता धरून ठेवतो. ती उजळता काढताना लालला साधारण ३० टक्के, हिरव्याला ५९ आणि निळ्याला ११ टक्के वजन असतं. तुमच्या बैठकीवर उजेडात लेदर किती आहे ते आयड्रॉपरने बघा. समजा १७८, ३४, ४० असेल, तर उजळता येते ७८. क्रीमची स्वतःची उजळता २२१. Color मोड म्हणतो, रंग तुझा घेतो पण उजळता ७८ च ठेवणार. ७८ उजळतेचं क्रीम म्हणजे चॉकलेटीच. बाटलीहिरव्याची उजळता योगायोगाने लालच्या जवळपास आहे, म्हणून तो जमल्यासारखा वाटला. @झटपट यांची युक्ती खोटी नाही, पण नवा रंग जुन्याइतकाच उजळ असेल तेवढ्यापुरतीच ती चालते.

आता चटणी. लेदरवरून डोळ्यात येणारा उजेड दोन वाटांनी येतो. एक भाग लेदरच्या आत थोडा शिरतो, रंगद्रव्यात फिरतो आणि लाल होऊन बाहेर पडतो. दुसरा भाग आत शिरतच नाही, वरच्या गुळगुळीत थरावरूनच परत उडतो. त्याला लेदरच्या रंगाचा पत्ताच नसतो, तो खिडकीच्याच रंगाचा राहतो. सोफा लाल असो, हिरवा असो की काळा, ही दुसरी चकाकी तीच आणि तेवढीच. तुम्ही दोन्ही भागांवर एकाच कुंचल्याने हिरवं फासलंत.

टेकूराम

मग चकाकीवरून रंग काढून टाकायचा, एवढंच ना? लेयरवर डबल क्लिक, खाली Blend If, त्यातल्या Underlying Layer च्या पट्टीचा उजवा त्रिकोण आत ओढायचा. Alt दाबून ओढला की त्रिकोण फुटतो आणि रंग हळूहळू विरतो. चकाकीवर मूळ फोटो दिसायला लागतो.

रंगारी_नवा

@टेकूराम, आत्ता करून बघितलं. चटणी गेली, पण चकाकीभोवती गुलाबी झालर आलीय. हिरव्या सोफ्याला गुलाबी गोट लावल्यासारखं दिसतंय.

टेकूराम

हम्म. माझ्याकडे राखाडी सोफे होते बहुतेक. तिथे कधी गुलाबी आलं नाही.

कुंचल्याचा_दांडा

येणारच नाही, राखाडी आणि पांढरं मिसळून राखाडीच होतं. इथे चकाकीच्या कडेला लाल लेदर आणि पांढरा उजेड एकाच पिक्सेलमध्ये मिसळलेत. @रंगारी_नवा, तिथे तुमचा आकडा २४०, १९०, १८५ च्या आसपास असेल. तो गुलाबीच आहे. मूळ फोटो उघडा टाकला की मूळ गुलाबी दिसणार.

म्हणून लपवाछपवी न करता दोन्ही भाग वेगळे काढायचे, आणि लाल सोफा त्यासाठी फार सोयीचा आहे. फोटो उघडा, Ctrl+3 दाबा. हे लाल चॅनल. सोफा उजळ करड्या रंगाचा दिसेल, वळ्यांचे चढउतार मऊ आणि स्वच्छ. ही झाली लेदरवरची सावली, रंगाशिवाय. आता Ctrl+5 दाबा. निळ्या चॅनलमध्ये सोफा जवळजवळ काळा आणि त्यावर फक्त चकाकी तरंगताना दिसेल. लाल लेदर निळा उजेड गिळून टाकतं, त्यामुळे निळ्यात जे उरलंय ते वरच्या थरावरूनच आलेलं. (Ctrl+2 ने परत या, नाहीतर फोटो काळापांढरा झाला म्हणून नवा धागा निघेल.)

सावली लाल चॅनलमधून घ्यायची, चकाकी निळ्यातून. मधे नवा रंग.

निमूट_वाचक

वाचनखूण साठवली. दहा वर्षं फोटोशॉप वापरतोय, चॅनल्सच्या पट्टीवर चुकून क्लिक झालं की घाबरायचो.

रंगारी_नवा

Ctrl+5 बघून चाट पडलो. खरंच चकाकी हवेत तरंगतेय. पण पुढे लेयर कसे रचायचे? जरा हात धरून सांगा.

कुंचल्याचा_दांडा

खालून वर असं:

```
३. चकाकी (निळ्या चॅनलची प्रत)   Screen
२. नवा रंग (Solid Color)          Multiply
१. सावली (लाल चॅनलची प्रत)       Normal
०. मूळ फोटो
```

१, २, ३ एका ग्रुपमध्ये ठेवून सोफ्याचा मास्क ग्रुपला लावा, म्हणजे एकदाच लावावा लागतो.

रंगाचा आकडा भरताना एक मेख आहे. उजेडातल्या बैठकीवर लाल चॅनल १७८ आहे, म्हणजे २५५ च्या ०.७ पट. त्यावर ३०, ८०, ६० हा हिरवा Multiply केला तर ०.७ ने गुणून २१, ५६, ४२ उरेल, हवा त्यापेक्षा काळपट. म्हणून भरताना आधीच ०.७ ने भागून ४३, ११४, ८६ भरा. बैठकीवर बरोब्बर ३०, ८०, ६० येईल. वळीच्या तळाशी लाल ७० असेल तर तिथे साधारण १२, ३१, २४ येईल. खोल हिरवा, पण मेलेला काळा नाही.

चकाकीच्या लेयरवर Levels लावा आणि काळा त्रिकोण ४५ पर्यंत आणा. साध्या लेदरवर निळा ४० होता, तो शून्य झाला आणि नुसती चकाकी उरली. हे विसरलात तर सगळ्या सोफ्यावर पातळ धुकं येतं, तीच खूण समजा.

झटपट

एवढं करण्यापेक्षा Color मोड आणि वरून पांढऱ्या ब्रशने चकाकी रंगवली तर? बघणाऱ्याला काय कळतंय.

कुंचल्याचा_दांडा

मोबाइलवर अंगठ्याएवढा दिसणार असेल तर खरंच काही कळत नाही. पण लेदरचे दाणे असतात, आणि प्रत्येक दाण्याच्या टोकावर चकाकीचा एकेक ठिपका. ब्रशने ते कोण काढणार? चॅनलमध्ये ते आयते मिळतात.

रंगारी_नवा

केलं. लांबून बघितलं तर झकास, हिरवं लेदर वाटतंय. पण २०० टक्क्यांवर गेलो तर चकाकीच्या कडेला चौकोन चौकोन दिसतायत, विटा रचल्यासारखे. Levels लावायच्या आधी नव्हते.

पिक्सेलपुराण

होते, अंधारात होते. तुमच्याकडे JPEG असणार.

JPEG मध्ये उजेडाची माहिती पूर्ण बारकाईने ठेवतात आणि रंगाची बहुतेक वेळा आडवी-उभी निम्म्यावर आणतात, वर आणखी दाबतात. उघडताना त्यातून लाल-हिरवा-निळा पुन्हा रचला जातो. निळा रचताना रंगाच्या माहितीतली चूक पावणेदोन पटीने त्यात उतरते. म्हणून JPEG मध्ये निळं चॅनल सगळ्यात घाणेरडं असतं. त्यात लाल सोफ्यावर ते अंधारात, आणि तुम्ही Levels ने ते ताणलंत.

@कुंचल्याचा_दांडा यांची मांडणी पटली, पण इथे निळं कशाला? हिरवं घ्या. लाल लेदर हिरवा उजेडही तितकाच गिळतं, आकडा ३४ आहे बघा. आणि उजेडाच्या माहितीत सर्वांत मोठा वाटा हिरव्याचाच, म्हणून ते पुष्कळ स्वच्छ राहतं.

कुंचल्याचा_दांडा

हे बरोबर. मी RAW वरच काम करत आलोय, तिथे निळ्याचा एवढा त्रास नसतो. हिरवं घ्या, Levels चा काळा त्रिकोण मग ४० वर. चकाकीवर हिरवा १९० होता तो १७८ होईल, आणि Screen नंतर तिथे साधारण १९०, २१०, २०२ दिसायला हवं. किंचित हिरवट पांढरा. Color मोडने तिथे १७१, २२१, २०१ दिलं असणार, ती तुमची चटणी.

रंगारी_नवा

हिरवं चॅनल घेतलं, विटा जवळपास गेल्या. RAW मागवली आहे, फोटोग्राफर म्हणतो "शोधतो". म्हणजे नाहीये. :)

आता क्रीम. ०.७ ने भागायला गेलो तर २३५ चे ३३६ होतात. इतका मोठा आकडा भरताच येत नाही.

टेकूराम

तिथे सावलीच्या लेयरलाच आधी उजळवा. Levels चा पांढरा त्रिकोण आत ओढा.

कुंचल्याचा_दांडा

हो, टेकूराम बरोबर. पांढरा त्रिकोण १९० वर आणा. बैठकीचा १७८ आता ०.९४ पट झाला, मग भरायचा रंग २५१, २३५, २०३. चकाकीच्या जागी लाल चॅनल फुटेल, फुटू द्या, चकाकी वेगळ्या लेयरवर सुरक्षित आहे.

पण एवढ्यावर थांबलात तर क्रीम सोफा मळका दिसेल. गडद लेदरच्या वळीत शिरलेला उजेड एकदोन टकरांत संपतो. क्रीमच्या वळीत तो या भिंतीवरून त्या भिंतीवर उड्या मारत राहतो आणि वळी आतूनच उजळते. खऱ्या क्रीम सोफ्याच्या वळ्या म्हणूनच कधी फार काळ्या नसतात. लाल चॅनलमध्ये हे थोडंफार आलेलं असतं, कारण लाल उजेडापुरतं तुमचं लेदर उजळच आहे. तरी कमी पडतं. त्याच Levels मधला मधला त्रिकोण १.३ च्या आसपास न्या. वळीचा तळ आधी ९२, ८६, ७५ येत होता, तो ११६, १०९, ९४ च्या घरात जाईल. हा १.३ मी डोळ्याने ठरवतो, त्यामागे सूत्र नाही. आणि वळीत रंग जरा जास्त उबदार हवा, कारण दर उडीला क्रीम स्वतःचा रंग थोडा मिसळतं.

पिक्सेलपुराण

उबदार किती ते मात्र भिंतीवर अवलंबून. खोलीत निळसर उजेड असेल तर वळीच्या तोंडाशी निळसर झाक पडते. मी तो भाग सोडून देतो, पुष्कळदा जास्तच होतं.

कुंचल्याचा_दांडा

मी सोडत नाही. पण यावर भांडण्यात अर्थ नाही, फोटो बघून ठरवावं.

गाडीवान

छान चाललंय. आता माझं बघा. गाडीचा फोटो आहे, चांदीसारखा मेटॅलिक रंग, ती लाल करायचीय. वरचं सगळं केलं. Ctrl+3, Ctrl+4, Ctrl+5, तिन्ही चॅनल सारखीच दिसतात! चकाकी कुठल्याच चॅनलमध्ये एकटी सापडत नाही.

उगाच

चांदीच्या गाडीने तिन्ही दादले सारखेच मानले.

कुंचल्याचा_दांडा

सापडणारच नाही. लाल लेदर हिरवा उजेड गिळतं म्हणून हिरव्या चॅनलमध्ये चकाकी एकटी पडली. चांदी रंग काहीच निवडून गिळत नाही, तिन्ही चॅनलमध्ये रंग आणि चकाकी सारखीच कालवलेली. पांढऱ्या, राखाडी, काळ्या वस्तूंना ही युक्ती लागू नाही. टेकूराम यांचं Blend If तुम्हाला उपयोगी पडेल, गुलाबी झालरीची भीती नाही.

पण मेटॅलिकची भानगड वेगळीच आहे. तिथे वर पारदर्शक थर, खाली ॲल्युमिनियमचे बारीक कण. वरच्या थरावर आकाश दिसतं, ते आकाशाच्याच रंगाचं राहायला हवं. पण कणांवरून येणारी चमक रंगीत थरातून जाऊन येते, तिला लाल व्हावंच लागतं. म्हणजे बॉनेटवरचा रुंद मऊ उजेड लाल करायचा आणि त्यातली आकाशाची रेघ पांढरी ठेवायची, आणि फोटोत दोन्ही एकमेकांवर बसलेत.

झटपट

सरळ Multiply मारा आणि आकाशाची रेघ मास्कमधून हाताने पुसा.

गाडीवान

तेच केलं. बॉनेट बरं आलं. दरवाजे फसले. दरवाजाच्या खालच्या अर्ध्या भागात रस्त्याचं प्रतिबिंब आहे, ते लाल झालं. आता रस्ता लाल आहे की गाडी, कळत नाही. शिवाय दोन पत्र्यांमधली फट लाल झाली, ती काळी हवी होती.

पिक्सेलपुराण

फटी आणि रबर मास्कमधून काढाच, घाईत तेच राहतं आणि पहिल्या नजरेला तेच खटकतं. रस्त्याच्या प्रतिबिंबावर रंग अर्ध्यावर आणून बघा. पूर्ण काढलात तर दरवाजाचा खालचा पत्रा चांदीचाच राहिलेला दिसेल.

मावशी_ऑनलाइन

चष्मा लावून सगळं वाचलं. एक विचारू का? लाल सोफा हिरवा झाला, पण खालच्या फरशीवर लाल पडलंय ना थोडं? आमचा सोफा लाल होता तेव्हा मागची पांढरी भिंत संध्याकाळी गुलाबी दिसायची.

रंगारी_नवा

मावशी!!! आत्ता बघितलं. पायांजवळ फरशीवर लालसर छटा आहे, आणि मागच्या भिंतीवर तळहाताएवढी. तीन दिवस हाच फोटो बघतोय. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं आणि सापडत नव्हतं.

टेकूराम

मावशींना सलाम. Hue/Saturation, वरच्या यादीतून Reds निवडा, Saturation खाली, आणि मास्क मऊ ब्रशने फक्त फरशीवर आणि भिंतीवर.

कुंचल्याचा_दांडा

लाल काढून थांबू नका, तिथे अगदी हलकं हिरवं टाका. मऊ ब्रश, Color मोड, ८-१० टक्के. इथे झटपट यांची युक्ती नेमकी बसते, कारण फरशीची उजळता बदलायची नाहीये. क्रीमच्या फोटोत मात्र नुसतं लाल काढलं तरी पुरे.

झटपट

बघा, शेवटी आमचंच औषध लागलं.

रंगारी_नवा

दोन्ही फोटो पाठवले. हिरवा पहिल्या झटक्यात पास. क्रीमवर उत्तर आलं, "आमचं क्रीम एवढं पिवळं नाही." मी विचारलं २३५, २२०, १९० कुठून आणलंत, तर त्यांनी मोबाइलवर काढलेल्या लेदरच्या तुकड्याच्या फोटोतून उचललं होतं, ट्यूबलाइटखाली.

पिक्सेलपुराण

तो तुकडा त्याच खिडकीखाली, त्याच बैठकीवर, त्याच कोनात ठेवून फोटो काढायला हवा होता. निदान आता तशाच उजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवून काढायला सांगा. कागद तटस्थ केला की तुकड्याचा आकडा भरवशाचा मिळतो. तुकड्यावर निवड करून Filter > Blur > Average, आणि मग आयड्रॉपर. एका दाण्यावर टोचून रंग घेऊ नका.

रंगारी_नवा

सांगितलं. कागद कुठल्या कंपनीचा ते विचारतायत.

गाडीवान

माझी चांदीची गाडी अजून गुलाबी-करडी आहे, कुणी विसरू नये म्हणून वर काढतोय.

कुंचल्याचा_दांडा

विसरलो नाही. एक उपाय आहे, पण फोटो पुन्हा काढावा लागेल. ट्रायपॉड लावा, लेन्सवर पोलरायझर बसवा. एक फोटो फिल्टर असा फिरवून की वरच्या थरावरचं आकाश कमीत कमी दिसेल, दुसरा उलट, जास्तीत जास्त. कणांची चमक दोन्हींत जवळपास सारखी राहते, धातूवर पोलरायझरचं फारसं चालत नाही. पहिला फोटो तुमचा लाल करायचा. दोन्हींतला फरक म्हणजे आकाश, ते वरून Screen. सगळ्या अंगावर एकसारखं जमत नाही, पत्रा वळतो तसा कोन बदलतो आणि छतावर जमलं की दरवाजावर हुकतं. पण सध्याच्यापेक्षा पुष्कळ बरं येईल. गाडी आहे ना हाताशी?

गाडीवान

गाडी मागच्या महिन्यात विकली.

मावशी_ऑनलाइन

ज्याने घेतली त्याला विचारा, त्याने लाल रंगवून घेतली असेल तर कामच झालं.